रेटिक ४.५ टक्के दिसलं म्हणून फसू नकोस

रिपोर्टवर रेटिक ४.५ टक्के आणि पुढे ‘हाय’चा बाण दिसला की लगेच हिमोलिसिसच्या तपासण्या लिहू नकोस. आधी हिमॅटोक्रिट बघ. समजा ते २५ आहे. एकूण लाल पेशीच कमी, म्हणून टक्केवारी फुगलेली दिसते. नॉर्मल हिमॅटोक्रिट ४५ धरून ४.५ ला २५/४५ ने गुणलं की उरतात २.५. शिवाय एवढ्या अॅनिमियात मॅरो कच्च्या पेशी लवकर बाहेर सोडतो आणि त्या रक्तात साधारण दोन दिवस रेटिक म्हणूनच मोजल्या जातात. म्हणून २ ने भाग. इंडेक्स आला १.२५.

इंडेक्स २ च्या खाली म्हणजे मॅरो गरजेइतकं बनवत नाहीये. आता फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन बघ. ३ च्या वर असता, तर रक्तस्राव किंवा हिमोलिसिस शोधायचा. मधल्या आकड्यांवर मी तरी पैज लावत नाही.

एक मात्र विचारच: रक्त कधीपासून जातंय? कालच उलटीतून रक्त गेलं असेल, तर मॅरो धडधाकट असूनही इंडेक्स कमीच येईल. रेटिक वाढायला तीन-चार दिवस तरी लागतात. तेव्हा पुन्हा पाठव. आणि मधे रक्त चढवलं असेल, तर तो आकडा जपूनच वाच.