अहवालातली ‘स्पर्धा’ कमी करताना

इंदूरच्या मंडळाच्या अहवालाचा तुमचा मसुदा वाचला. त्यातला हा तुकडा पाहा: ‘राजवाड्याजवळ चित्रकला स्पर्धेचे आयोजन करण्यात आले. स्पर्धेत ३० मुलांनी भाग घेतला. स्पर्धेनंतर विजेत्यांना बक्षिसे देण्यात आली.’ तीन वाक्यांत ‘स्पर्धा’ तीनदा आली आहे. डोळ्यांना हे निसटतं. मोठ्याने वाचा, कानाला लगेच खटकेल. मग Ctrl+F मध्ये ‘स्पर्ध’ एवढंच टाका. ‘स्पर्धा’ टाकलंत तर ‘स्पर्धेत’ सापडणारच नाही, प्रत्यय लागताना शेवटचा ‘आ’ बदलतो.

बदली म्हणून ‘उपक्रम’ बसवू नका, वाचकाला तो वेगळाच कार्यक्रम वाटेल. वाक्यं जोडा: ‘राजवाड्याजवळच्या चित्रकला स्पर्धेत ३० मुलांनी भाग घेतला, विजेत्यांना बक्षिसे मिळाली.’ ‘आयोजन करण्यात आले’ही गळालं, बरंच झालं. ‘ठराव’, ‘अध्यक्ष’ यांसारखे नेमके शब्द मात्र पुन्हा आले तरी राहू द्या.