चाकणमधल्या रिजेक्शनच्या आकड्यांबद्दल

प्रिय मित्रा,

कव्हर लेटरचा मसुदा वाचला. पहिला परिच्छेद काढून टाक. 'मला डेटाची मनापासून आवड आहे' हे वाक्य ज्युनियर डेटा अॅनालिस्टच्या जागेसाठी येणाऱ्या बहुतेक अर्जांत असतं आणि त्यावरून वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. 'मेकॅनिकलचा असलो तरी' हेही नको. आपली उणी बाजू आपणच आधी मांडायची काही गरज नाही.

तुझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते तू चौथ्या परिच्छेदात एका ओळीत संपवलंस: 'एक्सेलमध्ये रोजचे रिजेक्शन रिपोर्ट तयार केले.' फोनवर तू मला चाकणच्या कारखान्यातल्या सेकंड शिफ्टची जी गोष्ट सांगितलीस, ती याच ओळीमागे दडली आहे. पत्र तिच्यावर उभं कर.

ती गोष्ट पुन्हा मांडून बघू, आकडे सोयीसाठी गोल करून. दोन्ही शिफ्टमध्ये हजार-हजार नग निघाले. फर्स्ट शिफ्टला २८ रिजेक्ट, म्हणजे २.८ टक्के. सेकंडला ४८, म्हणजे ४.८ टक्के. मीटिंगमध्ये सगळे सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरांवर घसरले. तू पार्टनुसार फोड केलीस. सोप्या पार्टचं रिजेक्शन दोन्ही शिफ्टमध्ये २ टक्के, अवघड बोअरच्या पार्टचं दोन्हीकडे ६ टक्के. फर्स्टला सोपे ८०० आणि अवघड २०० चालले होते, सेकंडला सोपे ३०० आणि अवघड ७००. फरक शिफ्टचा नव्हताच, कोणत्या शिफ्टला कोणतं काम लागलं त्याचा होता. एकत्रित टक्केवारी दिसली की ती फोडून बघायची, हे तुला कोणी शिकवलेलं नव्हतं. अॅनालिस्टचं निम्मं काम हेच असतं, आणि नोकरी देणाऱ्याला नेमकं हेच बघायचं असतं.

ज्यांच्या आकड्यांवर विश्वास बसतो अशा माणसांना आणखी एक गोष्ट विचारली जाते: नोंद होते कशी? तुमच्याकडे सेकंड शिफ्टचे नग दुसऱ्या दिवशी सकाळी तपासले जायचे आणि कधीकधी रिजेक्शन तपासणीच्या तारखेला, फर्स्ट शिफ्टच्या खात्यात चढायचं. तू जॉब कार्डवरून उत्पादनाची तारीख आणि शिफ्ट लावून घेतलीस, मगच वरची फोड केलीस. हे पत्रात नक्की लिही. मुलाखतीत बहुतेक याच्यावरच प्रश्न येतील, आणि तिथे तू घरच्या मैदानावर असशील.

मुख्य परिच्छेद साधारण असा होईल, इंग्रजीत तू उतरवशीलच:

'सेकंड शिफ्टमध्ये रिजेक्शन जास्त असल्याची तक्रार होती. मी जॉब कार्ड आणि तपासणीच्या नोंदी जुळवून चुकीच्या शिफ्टखाली चढलेल्या नोंदी दुरुस्त केल्या आणि पिव्होट टेबलमध्ये शिफ्टसोबत पार्टनुसार टक्केवारी काढली. प्रत्येक पार्टचं रिजेक्शन दोन्ही शिफ्टमध्ये जवळपास सारखं होतं. त्यानंतर चर्चा ऑपरेटरांवरून हटून अवघड पार्टच्या बोअरिंग टूलच्या आयुष्यावर आली.'

इथेच थांब. 'त्यामुळे रिजेक्शन इतके टक्के घटलं' असं जोडायचा मोह होईल. टूल बदलायची वारंवारता प्रॉडक्शनवाल्यांनी ठरवली आणि नंतरचे आकडे तू मोजलेले नाहीस. जे 'मी' केलं आणि जे 'आम्ही' केलं, ते वेगळं ठेव. कंपनीचं नाव रेझ्युमेत आहेच. पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव, खरी फाइल यातलं काही बाहेर जाऊ देऊ नकोस.

एसक्यूएलबद्दल तू 'चांगलं ज्ञान' असं लिहिलंयस. त्याऐवजी हाच प्रश्न बनावट नोंदींवर सोडव आणि त्याची लिंक दे. क्वेरी मोठी लागत नाही:

```sql
SELECT shift, part_no,
       SUM(rejected) * 100.0 / SUM(produced) AS rej_pct
FROM daily_log
GROUP BY shift, part_no;
```

`part_no` काढून चालवलीस की तीच फसवी टक्केवारी परत येते. दोन्ही उत्तरं शेजारी ठेव. आणि `100.0` मधला दशांश राहू दे. बऱ्याच डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो, मग २.८ चे २ दिसतात. रोजच्या टक्केवाऱ्यांची सरासरीही काढू नकोस, कमी उत्पादनाचा दिवस तिला उगाच ओढतो. आधी बेरजा, मग भागाकार.

क्षेत्र का बदलतोयस याला एकच वाक्य पुरे: तपासणीपेक्षा तपासणीच्या नोंदींवर काम करण्यात माझा जास्त वेळ जाऊ लागला. खरंही आहे ते. कॅड, सॉलिडवर्क्स वगैरे रेझ्युमेपुरतं ठेव. या पत्रात त्याला जागा नाही. सगळं मिळून इंग्रजीत अडीचशे-तीनशे शब्दांत बसव, आणि जाहिरातीत पॉवर बीआय मागितलं असेल तर तुला ते येत नाही हे न लपवता एक्सेलमधलं काम पुढे ठेव.

नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. क्वेरीची लिंकही त्यातच टाक, मी चालवून बघेन.

तुझा,
काका