दोन गट खाली आली म्हणजे घसरली का?

प्रश्न: मी ऐरोलीच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते. १२० मुलांचे गुणांनुसार दहा गट केलेत, १० सगळ्यात वरचा. एक मुलगी सहामाहीला ८० पैकी ४६ गुणांवर गट ५ मध्ये होती, प्रिलिमला ३७ मिळाले आणि थेट गट ३ मध्ये आली. पालक घाबरलेत. हे किती गंभीर समजायचं?

उत्तर: एवढ्यावरून घाबरण्यासारखं काही नाही. मी ठाण्यात एका शाळेच्या निकालाचं काम बघते आणि प्रिलिमनंतर दर वर्षी हाच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गटांत मुलांची संख्या सारखी असते, पण गुणांचं अंतर सारखं नसतं. बहुतेक मुलं सरासरीच्या आसपास दाटीने असतात, त्यामुळे मधले गट अगदी अरुंद होतात आणि टोकाचे पसरट. तुमच्या यादीतल्या नेमक्या सीमा मला माहीत नाहीत, पण सहामाहीची सरासरी ४८ आणि प्रमाण विचलन १२ धरून बघू. गुणांची विभागणी नेहमीसारखी घंटाकृती असेल तर गट ३ साधारण ३८ ते ४१, गट ४ म्हणजे ४२ ते ४४ आणि गट ५ म्हणजे ४५ ते ४७. मधला एकेक गट जेमतेम तीन-चार गुणांचा. गट १० मात्र ६४ पासून थेट ८० पर्यंत.

आता प्रिलिमचा पेपर थोडा कठीण होता आणि सरासरी ४४ वर आली असं धरा. सगळ्या सीमा चार गुणांनी खाली सरकतील. गट ३ आता ३४ ते ३७, गट ४ म्हणजे ३८ ते ४०, गट ५ म्हणजे ४१ ते ४३. तुमची मुलगी ३७ वर आहे. एक गुण जास्त असता तर ती गट ४ मध्ये असती, चार जास्त असते तर गट ५ मध्येच राहिली असती. बीजगणित किंवा भूमितीच्या पेपरातलं चार गुणांचं एक गणित सुटलं असतं तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत आलाच नसता. नऊ गुण कमी झालेले दिसतात, पण त्यातले चार पेपरचे. तिचे स्वतःचे पाच.

आता समजा, याच वर्गातला दुसरा एक मुलगा आहे. सहामाहीला ७६, प्रिलिमला ६२. प्रिलिमला गट १० साठी ६० पुरतात, म्हणजे तो तेव्हाही गट १० मध्ये आणि आताही. तक्त्यात त्याच्या नावापुढे बदल शून्य. पेपरचे चार गुण वजा केले तरी त्याचे दहा गेलेत, मुलीच्या दुप्पट, आणि त्याच्या पालकांना कुणी फोन करणार नाही. म्हणून माझ्या तक्त्यात गटाच्या शेजारी नेहमी आणखी एक रकाना असतो: मुलाचे गुण वजा त्या परीक्षेची सरासरी. ही मुलगी सहामाहीला सरासरीपेक्षा २ ने मागे होती, आता ७ ने मागे आहे. हा आकडा आणि गट दोन्ही एकत्र वाचायचे.

पाच गुण तरी खरे गेलेत का? कुठल्याही परीक्षेत मुलाचे गुण थोडे नशिबावर असतातच: नेमकं कुठलं प्रमेय विचारलं, त्या दिवशी डोकं दुखत होतं का, तपासणारं कोण होतं. चांगल्या शालेय पेपरची विश्वसनीयता ०.८५ धरली आणि विचलन १२, तर दोन परीक्षांमधला फरक काहीही न बदलता साडेसहा गुणांच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे मधल्या गटांत दोन गटांची हालचाल सहज घडते, वरही आणि खालीही.

माझ्या या धरून चाललेल्या आकड्यांवर विसंबू नका, स्वतःच्या शाळेत तपासा. प्रश्नवार गुण नोंदवलेले असतील तर एकाच प्रिलिमचे दोन भाग करा, विषम क्रमांकाचे उपप्रश्न एकीकडे, सम दुसरीकडे, आणि दोन्हींवरून वेगवेगळे दहा गट करा. एकाच परीक्षेत किती मुलं दोन-दोन गट सरकतात ते बघाल. अर्धा पेपर पूर्ण पेपरपेक्षा जास्त डगमगतो, त्यामुळे हा अंदाज थोडा फुगलेला येतो, पण कुठल्या हालचालीला हालचाल म्हणायचं याचा अंदाज नक्की येतो. मी स्वतः मधल्या गटांत तीन किंवा जास्त गटांच्या बदलालाच हात घालते.

गट काढताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, दोन्ही परीक्षांना बसलेलीच मुलं घ्या आणि सहामाहीचे गटसुद्धा त्यांच्यातच नव्याने काढा. समजा प्रिलिमला तळाची दहा मुलं आलीच नाहीत. सहामाहीला खालून तेरावा असलेला मुलगा गट २ मध्ये होता. बाकी सगळ्यांचा क्रम तोच राहिला तरी आता तो खालून तिसरा, म्हणजे गट १. त्याने काहीही न करता तो घसरलेला दिसतो. दुसरी, सारखे गुण असलेल्या मुलांना सीमेवर तोडू नका, हजेरी क्रमांकावरून तर नाहीच. खालच्या सूत्रात सारख्या गुणांची मुलं एकत्र वरच्या गटात जातात. गटांत बरोबर बारा-बारा मुलं राहत नाहीत, ते चालतं.

```
=ROUNDUP(10*COUNTIF($B$2:$B$121,"<="&B2)/COUNT($B$2:$B$121),0)
```

गैरहजर मुलांच्या ओळी आधी काढा आणि १२१ च्या जागी तुमची शेवटची ओळ टाका.

टोकाच्या गटांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथे शाळा चुकीचे निष्कर्ष काढतात. गट १० मधून वर जायला जागाच नाही आणि गट १ मधून खाली जायला. शिवाय त्या गटांत काही मुलं त्या दिवशीच्या नशिबाने पोचलेली असतात. त्यामुळे पुढच्या परीक्षेत वरचे थोडे खाली येतात आणि खालचे थोडे वर, काहीच केलं नाही तरी. गट १ आणि २ च्या मुलांसाठी जादा तास घेतले, ती वर आली, म्हणून ते श्रेय तासांचं असं लगेच म्हणता येत नाही. त्याच दोन गटांतली, तासांना न आलेली मुलंही तितकीच वर आली का ते बघा. आलेली मुलं मुळातच जास्त मनापासून करणारी असू शकतात, हेही ध्यानात ठेवा, पण निदान तुलना तरी होते.

सगळ्या १२० मुलांचा दहा बाय दहा तक्ता करा, आडव्या ओळी सहामाहीचे गट, उभे रकाने प्रिलिमचे. कर्णाच्या आसपासची गर्दी सोडून द्या आणि तीन-तीन गट खाली आलेल्यांची नावं तुकडीसकट लिहून काढा. आमच्याकडे एका वर्षी त्यात बहुतेक एकाच तुकडीची मुलं निघाली. त्या तुकडीचे भूमितीचे पेपर वेगळ्या शिक्षकांनी तपासले होते आणि पायऱ्यांचे गुण फार हात आखडून दिले होते. पेपर पुन्हा तपासल्यावर बरीच मुलं जागेवर आली. वर्गाची सरासरी वर-खाली झाली की गटांवरून ते कळत नाही, कारण कुणी वर गेलं की कुणीतरी खाली येणारच. पण एखादी तुकडी घसरली तर या तक्त्यात लगेच दिसतं.

पालकांना गट दाखवण्याआधी हे आकडे दाखवा, सरासरीपेक्षा आधी २ ने मागे, आता ७ ने मागे, आणि प्रिलिमच्या गट ५ ची सीमा ४१ (तुमच्या यादीतली खरी सरासरी आणि सीमा काढून). मग तिच्या दोन्ही उत्तरपत्रिका घेऊन ते पाच गुण कुठे गेले ते शोधा. एकाच प्रकरणात, समजा वर्तुळात, गेले असतील तर बोर्डाच्या आधी तेवढंच करून घ्या. सगळीकडून एकेक गुण गेला असेल तर पुढच्या सराव पेपरपर्यंत थांबा, आणि तिथेही ती सरासरीपेक्षा सातने मागेच राहिली तर पालकांना शाळेत बोलवा.