डिस्चार्ज समरीत जी गोळी लिहिलेलीच नाही तिचं काय करायचं?

प्रश्न: 'बाबांना हार्ट अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी करून काल घरी सोडलं. भावाने डिस्चार्ज समरीचा फोटो पाठवलाय, पण त्यातलं निम्मं कळत नाही. घरी त्यांच्या आधीच्या गोळ्याही पडून आहेत. नक्की काय द्यायचं आणि काय बंद करायचं?'

मी फार्मसिस्ट आहे, अशा समऱ्या रोज काउंटरवर येतात. आधी भावाकडून सगळी पानं पुन्हा मागवा, कागद सपाट ठेवून, एका फोटोत एकच पान. खाली 'पान १/३' असेल तर तीन फोटो आले का बघा, कारण औषधांची यादी बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असते आणि नेमकं तेच राहतं. २.५ मधला बिंदू धूसर दिसत असेल तर अंदाज नको, गोळ्यांच्या पाकिटावरचा आकडा बघा.

समजा निदानात लिहिलंय: डीएम, एचटीएन, अँटिरिअर वॉल एमआय, एलव्हीईएफ ४०%. पहिले दोन म्हणजे जुने पाहुणे, मधुमेह आणि रक्तदाब. एमआय म्हणजे आत्ताचा अटॅक, हृदयाच्या पुढच्या भिंतीवरचा. एलव्हीईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. ४०% वाचून घाबरू नका, निरोगी हृदयाचा हा आकडाही शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. पण पंपाची ताकद कमी झाली आहे हे खरं, आणि काही नव्या गोळ्या त्यासाठीच असतात. प्रोसिजरमध्ये 'पीटीसीए, डीईएस टू एलएडी' असेल तर अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवलाय. ही ओळ लक्षात ठेवा, कारण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (किंवा टिकाग्रेलोर) ही जोडी तिच्यामुळेच आहे. अटॅकनंतर ती साधारण वर्षभर चालते. दात काढायचा असला तरी कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय थांबवायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

आता औषधं. समरीत दोन याद्या असतात. 'ट्रीटमेंट गिव्हन'खाली हेपरिनसारखी इंजेक्शनं दिसतील, ती वॉर्डातच संपली. घरी द्यायचं ते 'अ‍ॅडव्हाइस ऑन डिस्चार्ज'खालचं. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एचएस झोपताना, एसओएस फक्त गरज पडली तर.

खरा घोळ इथून पुढे. घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या टेबलावर काढा आणि ब्रँडचं नाव सोडून बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. कागदावर रेघ मारून डावीकडे जुने घटक, उजवीकडे नवे लिहा. बाबांचं उदाहरण घेऊ. डावीकडे: अ‍ॅस्पिरिन ७५, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००. उजवीकडे: अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल २.५.

अ‍ॅस्पिरिन दोन्हीकडे आहे, पण नव्या कॅप्सूलच्या नावावरून ते कळत नाही. दोन्ही दिली तर डोस दुप्पट होतो, आणि क्लोपिडोग्रेल सोबत असताना रक्तस्राव व्हायला तेवढं निमित्त पुरतं. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल यांची नावं अजिबात जुळत नाहीत, तरी दोन्ही शरीरातल्या एकाच यंत्रणेवर काम करतात. सहसा ही दोन एकत्र देत नाहीत, कारण पोटॅशियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो. म्हणजे रॅमिप्रिल बहुधा टेल्मिसार्टनच्या जागी आलंय, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

आणि मेटफॉर्मिन? उजवीकडे नाहीच. लोक इथे दोन टोकं गाठतात: 'लिहिलं नाही म्हणजे बंद' किंवा 'बंद कर असं म्हटलं नाही म्हणजे चालू'. दोन्ही चूक. अँजिओग्राफीत डाय वापरतात. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघून परत सुरू करतात. रिपोर्टच्या पानावर क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर तसंच झालं असण्याची शक्यता आहे. किंवा कुणी लिहायचं विसरलं. कागदावरून हे ठरवता येत नाही, आणि मधुमेहाची गोळी महिनाभर अशीच राहून गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून आजच वॉर्डात फोन करा, समरीवर नंबर असतो. 'औषधं नीट समजली नाहीत' असं म्हणू नका, समोरचा यादी पुन्हा वाचून दाखवेल. असं विचारा: 'जुनं टेल्मिसार्टन बंद करून रॅमिप्रिल दिलंय का? मेटफॉर्मिन परत कधी सुरू करायचं, आणि त्याआधी क्रिएटिनिन तपासायचं का? जुनी अ‍ॅस्पिरिन थांबवायची ना?' उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच कागदावर लिहा. उत्तर येईपर्यंत नवी यादी लिहिल्याप्रमाणे द्या, जुन्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि घरी साखर मोजत राहा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र देऊ नका. काळी शी झाली किंवा पुन्हा छातीत दुखलं तर फोनवर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या, आणि समरीची सगळी पानं सोबत घ्या.