होली वॉर, धर्मयुद्ध की कलगीतुरा?

प्रश्न : "आमच्या टीममध्ये कोड लिहायला विम हा एडिटर चांगला की इमॅक्स, जावास्क्रिप्ट की पायथॉन, अँड्रॉइड की आयफोन यावरून रोज जुंपते. भांडण नसतं, मजाच असते. इंग्रजीत याला 'होली वॉर' म्हणतात, तर मराठीत 'धर्मयुद्ध' म्हटलं तर चालेल का? आणि आमच्यातला एक जण इमॅक्स उघडून त्यात विमच्या कीज वापरतो, त्याला दोन्हीकडचे लोक 'फितूर' म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?"

धर्मयुद्ध नको. आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही इथे आडवे येतात. जुना अर्थ न्यायाच्या बाजूने, नियम पाळून केलेलं युद्ध : निःशस्त्रावर वार करायचा नाही, पाठीत वार करायचा नाही. दुसरा अर्थ शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून आला. तिथे क्रुसेड्सना धर्मयुद्धं म्हटलेलं असतं. पहिल्या अर्थाने शब्द उगाच उदात्त होतो, दुसऱ्याने रक्तबंबाळ. तुमच्या टीममध्ये यातलं काहीच चाललेलं नाही.

इंग्रजी शब्दात जी गंमत आहे ती अतिशयोक्तीची आहे, आणि ती नेमकी कशी रुजली हे पाहण्यासारखं आहे. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिल १९८० या तारखेचं एक टिपण लिहिलं. विषय अगदी रुक्ष : एखादी संख्या अनेक बाइट्समध्ये मावत असेल, तर तिचा मोठा भाग आधी ठेवायचा की छोटा? काही यंत्रं असं करत, काही तसं, आणि दोघांची गाठ पडली की आकडे उलटेपालटे होत. या दोन पक्षांना कोहेनने स्विफ्टच्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुट बेटावरची नावं दिली. तिथली बुटकी माणसं अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की छोट्या, यावरून लढाया करतात. म्हणून बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. हे शब्द आता पाठ्यपुस्तकात निमूटपणे येतात, पण जन्माने ते टोमणेच आहेत. टिपणाच्या शीर्षकातच 'होली वॉर्स' होतं, आणि मथितार्थ असा की कुठला क्रम घ्यायचा यापेक्षा सगळ्यांनी एकच घेणं महत्त्वाचं. नाहीच जमलं तर नाणं उडवा, असंही त्याने सुचवलं. म्हणजे क्षुल्लक गोष्टीला मोठं नाव देऊन स्वतःलाच चिमटा काढायचा, असा तो 'होली वॉर' आहे. 'धर्मयुद्ध' म्हणताना तो चिमटा गळून पडतो.

माझं मत 'कलगीतुरा' या शब्दाला. वर्तमानपत्रांनी दोन पुढाऱ्यांच्या शाब्दिक चकमकीला वापरून वापरून तो जरा गुळगुळीत केलाय, पण मूळ अर्थ इथे बरोब्बर बसतो. शाहिरांचे दोन पक्ष : कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. समोरासमोर बसायचं आणि कवनातून एकमेकांना कूट घालायचं. समोरच्याने घातलेला भेद उकलायचा आणि मग आपला टाकायचा. यातली अट महत्त्वाची आहे. उकलायचं असेल तर समोरच्याचं शास्त्र आपल्यालाही यावं लागतं. नुसत्या आवाजावर फड जिंकता येत नाही.

इंजिनिअरांच्या चेष्टेलाही हीच अट लागू पडते. एक उदाहरण माझ्यासमोर घडलेलं सांगतो.

विमवाल्या एका सहकाऱ्याच्या मशीनवर शेजारचा इमॅक्सवाला घाईत बसला. कॉन्फिग फाइल उघडीच होती, एक ओळ बघायची आणि सेव्ह करायचं, एवढंच काम. बोटांनी सवयीने इमॅक्सची सेव्ह दाबली : `Ctrl-x`, मग `Ctrl-s`. आता विमच्या नॉर्मल मोडमध्ये कळा अक्षरं लिहीत नाहीत, आज्ञा देतात, आणि तिथे `Ctrl-x` म्हणजे कर्सरखालची किंवा त्याच ओळीत कर्सरच्या पुढची संख्या एकने कमी करणे. आणि `Ctrl-s` बऱ्याच टर्मिनलांवर विमपर्यंत पोचतच नाही, टर्मिनलच ती 'थांब' म्हणून घेतं आणि पडदा गोठतो. हा मनुष्य पुतळ्यासारखा बसून राहिला. विमवाल्याने येऊन `Ctrl-q` दाबून पडदा सोडवला आणि फार विचार न करता स्वतःच `:wq` ही विमची 'सेव्ह करून बंद कर' आज्ञा मारून फाइल बंद केली. पुढे सर्व्हिस सुरू होत होती, लॉगमध्ये एरर नव्हती, पण नेहमीच्या पोर्टवर कोणी उत्तर देत नव्हतं. अर्ध्या तासाने फाइलमधले बदल दाखवणारा `git diff` पाहिला :

```
-port = 8080
+port = 8079
```

विमवाला म्हणाला, "इमॅक्सवाला येऊन गेला की एक कमी होतो."

हा सवाल झाला. जवाबाला आठवडा लागला. तोच विमवाला इमॅक्सवाल्याच्या मशीनवर काहीतरी दुरुस्त करायला बसला. इमॅक्समध्ये तसला मोडच नाही, दाबाल ते अक्षर थेट मजकुरात पडतं. काम झाल्यावर बोटांनी सवयीने लिहिलं ते फाइलच्या तळाशी जाऊन बसलं : `:wq`. ते रिव्ह्यूला गेलं. त्या ओळीवर इमॅक्सवाल्याची कॉमेंट : "विमवाले कुठेही गेले तरी सही करूनच उठतात."

दोन्ही वाक्यं बघा. यातलं एकही 'तुमचा एडिटर भंगार' असं म्हणत नाही. पहिलं कळायला `Ctrl-x` दोन्हीकडे काय करतं ते ठाऊक पाहिजे, दुसरं कळायला `:wq` माहीत पाहिजे. ज्याची खेचली तोच आधी हसतो, कारण सगळ्यात आधी त्यालाच कळतं. (आणि फाइल बंद तर विमवाल्यानेच केली होती, हा मुद्दा आमच्यात अजून सुटलेला नाही.)

शिवाय या दोन्ही सवयी कुणाच्या लहरीतून आलेल्या नाहीत. दोन्ही एडिटरांचं मूळ १९७६ सालचं, इमॅक्स एमआयटीत आणि विमचा पूर्वज व्हीआय बर्कलीत. बिल जॉय व्हीआय लिहीत होता तो ३०० बॉडच्या मोडेमवरून, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० गुणिले २४ चा पडदा धरला तर १,९२० अक्षरं. पूर्ण पडदा एकदा रंगवायला मिनिटभराच्या वर. अशा ठिकाणी माणूस एकाक्षरी आज्ञा काढणारच, आणि त्या मजकुरात मिसळू नयेत म्हणून वेगळा मोडही ठेवणारच. `h`, `j`, `k`, `l` वर कर्सर हलतो तेही त्याच्या टर्मिनलच्या त्या चार कळांवर बाण छापलेले होते म्हणून. एमआयटीतल्या लोकांची जोडणी वेगवान होती, त्यांना मोडची काटकसर करायची गरज पडली नाही. त्यांनी अक्षरं मोकळी ठेवली आणि आज्ञांना कंट्रोल आणि मेटा या कळा जोडल्या. आज ते मोडेम राहिले नाहीत, पण बोटांत त्यांची काटकसर उरली आहे. चेष्टा चालते ती तिच्यावर.

फसलेला सवाल कसा ओळखायचा, हेही सांगतो. जावास्क्रिप्टवाल्याला कोणीतरी हे दाखवतं आणि "ही तुमची भाषा" म्हणतं :

```
0.1 + 0.2
0.30000000000000004
```

हा भेद टाकणाऱ्याच्याच अंगावर येतो. पायथॉनमध्ये हेच लिहा, उत्तर हेच येईल. दोष भाषेचा नाही, दशांशातला ०.१ द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही आणि दोन्ही भाषा त्याच तरंगत्या बिंदूच्या मानकाने मोजतात. खरा सवाल टाकायचा तर हा टाका :

```
"5" - 2    // 3
"5" + 2    // "52"
```

वजाबाकीत अवतरणातला पाच आकडा होतो, बेरजेत दोनाचीच अक्षरं होतात. हे जावास्क्रिप्टचं स्वतःचं आहे. पायथॉन दोन्ही ओळींवर एरर देऊन मोकळा होतो. त्यावर जावास्क्रिप्टवाला "आमची भाषा माणूस बघून सांभाळून घेते, तुमची दारातूनच परत पाठवते" असं म्हणाला, तर जवाब पोचला असं समजावं.

शिळ्या सवालांचं काय? इमॅक्सच्या नावाची फोड 'एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग' अशी करतात, म्हणजे आठ मेगाबाइट मेमरी खाऊनही सतत डिस्कशी अदलाबदल. एका काळी आठ मेगाबाइट म्हणजे डोळे पांढरे करणारी मेमरी होती. आज ब्राउझरच्या एका टॅबला ती पुरत नाही. हा विनोद करणाऱ्याचं फक्त वय कळतं.

फोनांच्या बाबतीत मात्र 'कलगीतुरा' म्हणताना माझी जीभ अडखळते. एडिटर आणि भाषा आपण कामाने शिकतो, त्यांची उणीदुणी काढायला अभ्यास लागतो. फोनवरून सुरू झालेली चेष्टा दोन वाक्यांत किमतीवर येते, आणि मग बोलणं फोनवर न राहता माणसाच्या खिशावर जातं. त्याला मराठीत 'हिणवणं' हा सरळ शब्द आहे. अपवाद असतात, पण तुमच्याकडे ऐकून बघा.

वापराचं थोडं. 'कलगीतुरा' जोडून लिहा. शब्द पुल्लिंगी : कलगीतुरा रंगला, त्यांचा कलगीतुरा. एकेक टोला सांगायचा तर 'कोपरखळी' किंवा 'चिमटा'. पक्षातल्या माणसासाठी '-वाला' पुरे : विमवाला, इमॅक्सवाली, जसे कलगीवाले आणि तुरेवाले. 'भक्त' टाळा, त्या शब्दाला हल्ली राजकीय वास येतो.

आता तुमचे फितूर. फितूर होणं म्हणजे आतून शत्रूला सामील होणं, आणि त्यात लपवाछपवी असते. इमॅक्समध्ये विमच्या कळा देणारं पॅकेज सर्रास मिळतं आणि त्याचं नावच `evil` आहे. एवढं उघड नाव घेऊन कोणी फितुरी करत नाही. त्याला 'फितूर' म्हणू नका. कलगी आणि तुरा हे दोन्ही पगडीवरचेच दागिने आहेत, त्याने दोन्ही लावलेत इतकंच. आणि त्याच्या मशीनवर बसून एकदा `Ctrl-x`, `Ctrl-s` आणि एकदा `:wq` दाबून बघा, मग दोन्हीकडच्यांना सांगा की त्याचं कुणी काही बिघडवू शकत नाही.