वेटिंग रूममधला राउटर

> दादरला छोटा दवाखाना आहे. राउटर वेटिंग रूममध्ये बाकाच्या वर लावलाय. पासवर्ड दोनदा बदलला, तरी मध्येच नेट जातं आणि वायफायचं नावच बदललेलं असतं. काय करू?

डॉक्टर, बदललेलं नाव राउटरच्या स्टिकरवरच्या नावाशी जुळवून बघा. जुळलं तर कुणीतरी रीसेट दाबलंय. त्या बारीक भोकात पिन घालून साधारण दहा सेकंद धरली की तुमचे सगळे पासवर्ड पुसले जातात आणि स्टिकरवर छापलेला पासवर्ड परत लागू होतो. तो बाकावर बसलेल्या कुणालाही वाचता येतो. त्यामुळे तिसऱ्यांदा पासवर्ड बदलून काही साधणार नाही.

खरा मनस्ताप त्यानंतरचा. रीसेटबरोबर बऱ्याच राउटरमधलं PPPoE चं, म्हणजे राउटर ज्यानं नेट कंपनीकडे लॉगिन करतो ते, युजरनेम-पासवर्डही जातं. मग PON चा दिवा स्थिर हिरवा, LOS बंद, म्हणजे फायबर शाबूत, आणि तरी नेट नाही. कंपनीच्या स्थानिक ऑफिसात फोन केला की "माणूस पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतं. आपल्याच कनेक्शनची माहिती मागायला इतकं विनवावं लागतं, याची मला मनापासून चीड येते. नेट चालू आहे तोवरच ती लेखी मागून घ्या, आणि राउटरमध्ये सोय असेल तर सेटिंगचा बॅकअप काढून ठेवा. काही कंपन्यांची सेटिंग्ज आपोआप परत येतात, पण त्या भरवशावर राहू नका.

आता जागा. माझ्या मते राउटर सरळ तुमच्या केबिनमध्ये न्यावा. फायबर वाढवायचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. वायर वळवताना तिचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका, नाहीतर सिग्नल पडतो.

हलवणं जमतच नसेल तर कुलपाची पेटी लावा, पण प्लास्टिकची. लोखंडी पेटीत वायफाय कोंडतं. राउटरच्या चहूबाजूंनी दोन इंच मोकळे हवेत, खाली आणि वर जाळी हवी, आणि पेटीचे स्क्रू आतून मारलेले हवेत, म्हणजे कुलूप न तोडता पेटी उतरवता येणार नाही. अॅडॉप्टर गरम होतो, तो बाहेर राहिला तरी चालेल. कुणी तो उपटला तर नेट जाईल, पण पासवर्ड शाबूत राहतील. रीसेटच्या भोकात एम-सील मात्र भरू नका, कधीतरी ते तुम्हालाच लागेल. WPS बंद करा, कारण ते बटण दाबल्यावर दोन मिनिटं पासवर्डशिवाय लॅपटॉप किंवा जुना अँड्रॉइड फोन जोडता येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. पेटीतून रिसेप्शनच्या प्रिंटरला गेलेली LAN वायर. तिचं टोक काढून लॅपटॉपला लावलं की वायफायचा पासवर्ड न विचारता माणूस थेट तुमच्या नेटवर्कमध्ये येतो. प्रिंटर काउंटरच्या आतल्या बाजूला घ्या, वायर पट्टीतून न्या, आणि भिंतीवर जुना LAN सॉकेट उरला असेल तर त्याची वायर राउटरकडून काढून टाका.