मानेतली नाडी अरुंद झाली तर: गोळ्या, ऑपरेशन की स्टेंट?

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे. पाच दिवसांपूर्वी उजवा हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. डॉप्लरमध्ये डाव्या कॅरोटिडमध्ये ८० टक्के अडथळा निघाला. आता त्रास काही नाही, आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. ते उरकून ऑपरेशन केलं तर चालेल का? (रामबाग, इंदूर)

नाही, लग्नाच्या आधी करा. शक्यतो याच आठवड्यात.

कॅरोटिड धमनी जबड्याच्या कोनाखाली दुभंगते. त्या फाट्यावर रक्त भोवरे घेतं, भिंतीलगत मंदावतं, आणि नेमका तिथेच चरबीचा थर बसतो. रक्त कमी पोचल्यामुळे लकवा होतो असा बहुतेकांचा समज असतो. तसं क्वचितच घडतं, कारण मेंदूला रक्त नेणाऱ्या चारही धमन्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एक अरुंद झाली की बाकीच्या बरंच सांभाळून घेतात. खरा धोका थर फुटण्याचा. फुटलेल्या जागी गुठळी धरते, तिचा कण सुटून वर जातो आणि मेंदूतली बारीक नळी बुजवतो. बाबांच्या बाबतीत कण लहान होता, तो विरघळला, म्हणून हात परत आला. पण मानेतली जखम अजून ओलीच आहे. लकव्याचा पुढचा मोठा झटका यायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत येतो.

१९९१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या नॅसेट या चाचणीत, लक्षणं दिसलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अडथळा असलेल्या रुग्णांपैकी फक्त औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूच्या मेंदूत झटका आला. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. पुढे अशा चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर उशिराची किंमत कळली: दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर दर पाच रुग्णांमागे पाच वर्षांत एक झटका टळतो, बारा आठवडे उलटल्यावर तोच एक झटका टाळायला सव्वाशे ऑपरेशनं लागतात. लग्नाची तारीख या हिशेबात बसत नाही.

फक्त डॉप्लरवर ऑपरेशनला जाऊ नका. छातीपासून मेंदूपर्यंतची सीटी अँजिओग्राफी आणि मेंदूचा एमआरआय करून घ्या. नाडी १०० टक्के बंद असेल तर ती उघडण्याचा सहसा उपयोग नसतो. ईसीजीही हवाच, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी तिथून आलेली असू शकते. तोवर अ‍ॅस्पिरिन, बहुतेकदा जोडीला क्लोपिडोग्रेल, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू असायला हवं. ऑपरेशनसाठी क्लोपिडोग्रेल थांबवायचं का ते सर्जन ठरवतील, अ‍ॅस्पिरिन मात्र सहसा थांबवत नाहीत. सर्जनना सरळ विचारा, तुमच्या हाती या ऑपरेशनात झटका किंवा मृत्यू किती टक्के? अशा रुग्णांत ते प्रमाण ६ च्या आत असायला हवं. आणि हात पुन्हा लुळा पडला तर बरा होण्याची वाट पाहू नका, लगेच १०८. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

प्रश्न: हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये उजव्या कॅरोटिडमध्ये अडथळा सापडला. एका रिपोर्टमध्ये ६० टक्के, दुसऱ्यात ८४. वय ६२, त्रास कधीच झाला नाही. एका डॉक्टरांनी स्टेंट सुचवलाय. (सुदामा नगर, इंदूर)

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. समजा, सर्वांत अरुंद जागी वाट २ मिलिमीटर आहे आणि पुढे नाडी निरोगी होते तिथे ५. व्यासाने मोजलं तर ६० टक्के अडथळा. तीच वाट क्षेत्रफळाने मोजली तर ८४. आणि फाट्यावर नाडी मुळात ८ मिलिमीटर असावी असा अंदाज धरून मोजलं, तर ७५. नाडी एकच, आकडे तीन! उपचाराचे सगळे नियम पहिल्या पद्धतीवर बेतलेले आहेत, म्हणून रेडिओलॉजिस्टना विचारा, "हा आकडा व्यासाचा की क्षेत्रफळाचा, आणि कशाशी तुलना करून?"

तुमचा खरा आकडा ६० असेल आणि लक्षण कधीच नसेल, तर आज स्टेंटची घाई नको. १९९५ च्या चाचणीत अशा लोकांत पाच वर्षांतला झटक्याचा धोका औषधांवर ११ आणि ऑपरेशनने ५ टक्के निघाला होता, पण तेव्हाची औषधं आजच्यासारखी नव्हती. २०२५ मध्ये आलेल्या क्रेस्ट-२ मध्ये लक्षणं नसलेले, ७० टक्क्यांपुढचे रुग्ण होते. चार वर्षांत फक्त कडक औषधोपचारावर ६ टक्के, तर स्टेंटची जोड दिल्यावर २.८ टक्के लोकांना त्रास झाला. ऑपरेशनच्या गटात फरक इतका थोडा होता की तो योगायोगही असू शकतो. म्हणजे ७० च्या पुढे स्टेंटचा विचार करता येतो. तुम्ही अजून त्या रेषेच्या अलीकडे आहात.

एलडीएल ७० च्या खाली, बीपी १३०/८० च्या आत, आणि तंबाखू पूर्ण बंद. सराफ्यातून घरी येताना रोज पान खात असाल तर त्यात तंबाखू आहे का, हेही प्रामाणिकपणे पाहा. सहा महिन्यांनी त्याच मशिनवर डॉप्लर परत करा. अडथळा झपाट्याने वाढला किंवा एमआरआयमध्ये त्या बाजूला नकळत झालेले जुने डाग दिसले, तर हिशेब बदलतो.

प्रश्न: आई ७६ वर्षांची, तिला झटका येऊन गेलाय, अडथळा ७५ टक्के. चीर न देता स्टेंट घातला तर तिला सोपं जाईल ना? (टिळक नगर, इंदूर)

या वयात बहुतेकदा उलटं असतं. स्टेंटची तार मांडीतून किंवा मनगटातून छातीतल्या महाधमनीच्या कमानीवरून मानेत न्यावी लागते. उतारवयात ती कमान वाकडीतिकडी आणि चुन्याने कडक झालेली असते, आणि तार घासून कण सुटतात. वर जाळी लावली तरी सगळे अडत नाहीत. २०१० च्या क्रेस्ट चाचणीत स्टेंटनंतर झटके जास्त आले, ऑपरेशननंतर हार्ट अटॅक जास्त आले, आणि सत्तरीच्या पुढे पारडं ऑपरेशनकडे झुकलं.

ऑपरेशनात मानेच्या बाजूला चीर देऊन, रक्त पातळ करून नाडीला चिमटे लावतात, थर सोलून काढतात आणि नाडी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून ठिगळ शिवतात. जवळच्या नसा दुखावल्या तर आवाज घोगरा होतो, जीभ एका बाजूला वळते किंवा ओठाचा कोपरा खाली ओघळतो. हे बहुधा काही आठवड्यांत सुधारतं.

स्टेंट खरोखर चांगला कधी? मानेवर आधी रेडिएशन झालं असेल तेव्हा. गुटख्यापायी तोंडाचा कॅन्सर होऊन शेक घेतलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या मानेत कातडी आणि नाडी चिकटून बसतात, चीर भरत नाही. आधी ऑपरेशन होऊन नाडी परत अरुंद झाली, थर जबड्यामागे फार वर आहे, किंवा हृदय अगदी दुबळं आहे, तरीही स्टेंटच बरा. त्यानंतर किमान चार आठवडे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या चुकवायच्या नाहीत, पुढे एक कायमची. आईंचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आधी सांगा, कारण स्टेंटसाठी लागणारं डाय किडनीला जड जातं.

प्रश्न: मला उठताबसता चक्कर येते. कॅरोटिडची तपासणी करू का? (लोकमान्य नगर, इंदूर)

नुसती चक्कर सहसा कॅरोटिडमुळे येत नाही. आधी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजा, कान तपासा. कॅरोटिडची खूण वेगळी: एका बाजूचा हात-पाय, बोलणं, किंवा एका डोळ्यासमोर काही मिनिटं पडदा उतरल्यासारखा अंधार.

प्रश्न: वडिलांचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. घरी आल्यापासून त्याच बाजूचं डोकं जोरात दुखतंय, बीपी १८०. गोळी देऊन झोपवलं तर? (देवास नाका, इंदूर)

झोपवू नका, आजच दवाखान्यात न्या. अनेक वर्षं कमी दाबावर चाललेल्या मेंदूत नाडी उघडल्यावर रक्त एकदम जोराने जातं. तिथल्या बारीक नळ्यांना तो दाब आवरता येत नाही, आणि पुढे फिट किंवा रक्तस्राव होऊ शकतो. हा धोका पहिल्या दोन-चार आठवड्यांत असतो. दवाखान्यात बीपी इंजेक्शनने उतरवतात आणि सीटी स्कॅन करतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत पुढची अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारूनच द्या.